कारणासह चिठ्ठी

काही माणसांचं नुसतं काम सांगून भागत नाही. ते काम का करायचं हेही त्यांना सांगावं लागतं, आणि तेही लेखी. दहिवलीतल्या आमच्या शेजारच्या काकू या जातीच्या. बँकेतून निवृत्त होऊन त्या डोंबिवलीहून कर्जतला आल्या, त्या शेरे मारायची सवय बरोबर घेऊनच. शेगडीमागे, फ्रिजवर, पाण्याच्या मोटरच्या बटणाखाली त्यांच्या ठाशीव अक्षरातल्या चिठ्ठ्या असतात. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "माझ्या पाठीवर काही चिकटवलंय का हो?"

सगळ्यांत लांबलचक चिठ्ठी कपडे धुणाऱ्या मावशींसाठी, मोरीच्या दारावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मथळा : 'मावशी, हे कपडे मशीनमध्ये नकोत. गार पाणी, हाताने. कारणासह.'

कलम पहिलं, काकांचा लोकरीचा स्वेटर. 'लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कपडा आटतो. पुरावा : आधीचा स्वेटर.' आधीचा स्वेटर मशीनमधून निघाला तो थेट तीन वर्षांच्या नातवाच्या अंगावर गेला. 'म्हणून चोळायचा नाही, दाबायचा. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं. दोरीवर टांगायचा नाही, पाण्याच्या वजनाने ओघळतो. सावलीत खाटेवर पसरायचा.'

कलम दुसरं, रेशमी ब्लाउज. 'लोकर आणि रेशीम दोन्ही प्राण्यांपासून येतात. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. सुताला तो चालतो, पण यांना खातो. चमक जाते, धागा खरखरीत होतो. म्हणून रिठे : रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, पाणी गाळून.' खाली लाल शाईत : 'पैठणीला हात लावू नये. पाण्याने जर काळी पडते. ती ड्रायक्लीनला जाते.'

कलम तिसरं, सुती इरकल. 'पदर लाल, त्यात पांढरी नक्षी. भिजत पडली तर पदराचा रंग पदराच्याच नक्षीत उतरतो. आधी पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या टोकाला दाबून धरावा. रुमाल गुलाबी झाला तर साडी एकटीच, गार पाण्यातून पटकन काढायची. ओली घडी घालून ठेवू नये.'

मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि खाली पेन्सिलीने एकच ओळ लिहिली : 'काकू, गार पाणी कुठून आणू?'

महिना एप्रिलचा. या दिवसांत कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला येणारं पाणी गिझरला लाजवतं. काकूंनी नळाखाली हात धरला, झटकन मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठीला पुरवणी जोडली : 'लोकर-रेशीम सकाळी सातच्या आत. पाणी रात्री भरून ठेवलेल्या बादल्यांतलं. शेवटचं खळबळणंही त्याच पाण्यात, कारण गारातून एकदम गरमात गेली तरी लोकर आटते.' मावशींनी खाली लिहिलं : 'सात वाजता मी येत नाही.' तेव्हापासून स्वेटर काकू स्वतः धुतात.

मग खोपोलीच्या भाचीने कुठल्याशा प्रदर्शनातून शाल आणली, 'अस्सल पश्मिना' म्हणून. काकूंनी ती आल्यागेल्याला दाखवली आणि चौथं कलम लिहायला बसल्या. मावशींनी शालीच्या दशीतून एक धागा उपटला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच लिवलंय ना, लोकर म्हणजे जनावराचे केस? मग जळल्यावर केसासारखा वास यायला पायजे."

केसाचा वास काही आला नाही. धागा वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. सूत असतं तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरली असती. लोकर असती तर केसाचा वास येऊन बोटांत चुरडणारा कोळसा झाला असता. कडक मणी फक्त कृत्रिम धाग्याचाच होतो. मावशींनी पश्मिना काकांच्या पायजम्यांबरोबर मशीनमध्ये टाकली. ती होती तशी बाहेर आली, एका सुताने आटली नाही.

चौथं कलम लिहिलंच गेलं नाही. काकूंच्या चिठ्ठ्यांना गल्लीत सगळे हसतात, मीही हसतो. पण नुसतं 'स्वेटर मशीनमध्ये नको' असं लिहिलं असतं, तर मावशींना एक स्वेटर कळला असता. कारण लिहिलं म्हणून अख्खं कपाट कळलं. तेव्हा तुमच्याकडे कपडे धुणाऱ्या बाईंना चिठ्ठी लिहिणार असाल तर कारणासह लिहा. मात्र घरात कुणी 'अस्सल पश्मिना' भेट दिली असेल, तर आधी तिचा एक धागा गुपचूप स्वतःच जाळून पाहा.