तेहेतीस महिने कुठे होतात?

आलापल्लीत माणूस निवृत्त झाला की त्याला दोन कामं लागतात. सकाळी फिरायला जाणं आणि उरलेला दिवस दुसऱ्यांचे अर्ज लिहिणं. मी तर इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे मला फिरायलाही सवड मिळत नाही. वीजबिलाच्या तक्रारीपासून ते हरवलेल्या टीसीपर्यंत सगळं माझ्या ओसरीवर येतं. त्यातच २०२३ च्या पावसाळ्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, शिक्षणात खंड पडलाय. त्याचं स्पष्टीकरण द्यायचंय. जर्मनीला."

अकोल्याहून वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेऊन ती घरी आली होती. शेवटच्या गुणपत्रकावर नोव्हेंबर २०२० आहे. आता तिला ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात उष्ण कटिबंधातल्या वनशास्त्राचा मास्टर्स करायचा होता. तो शिकवतात थारांट नावाच्या गावात, आणि तिथली वनशाळा १८११ पासूनची. म्हणजे आपल्याकडे पेशवाई अजून उभी होती तेव्हा तिकडे पोरं झाडांचा घेर मोजत होती. पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानचं वनखातं उभं करायला इंग्रजांनी जो माणूस नेमला, तो डिट्रिख ब्रँडिससुद्धा जर्मनच, आणि त्याची सगळी कीर्ती ब्रह्मदेशातल्या सागवानावर मिळवलेली. तेव्हा सागवानाच्या गावची पोरगी तिकडे जाते यात नवल नव्हतं. नवल होतं ते तिच्या बापाने लिहून आणलेल्या पत्राचं.

आमचे भाऊजी वनखात्यात कारकून होते. त्यांचा खर्डा असा सुरू होत होता : "वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, उपरोक्त उमेदवाराच्या शैक्षणिक कालावधीत अपरिहार्य कारणास्तव खंड उद्भवला असून सदरचा खंड क्षमापित होणेस विनंती आहे." वर जावक क्रमांक घालायला जागा सोडली होती. शेवटच्या परिच्छेदात अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये इथलं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत गेलं, हेही होतं.

"भाऊजी, हे कशाला?"

"वजन पडते ना जी मास्तर!"

खंड कशाने पडला, त्या काळात पोरीने काय केलं, याचा मात्र त्यात पत्ता नव्हता. कारण 'अपरिहार्य' होतं, एवढंच. सरकारी मराठीत हा शब्द आला की पुढे कोणी काही विचारत नाही. जर्मन माणूस नेमकं तिथूनच विचारायला लागतो.

शेजारच्या काकूंचा सल्ला वेगळा होता. टायफॉइड लिहा, म्हणाल्या, सर्टिफिकेट मिळून जाते. मिळतंही. पण तेहेतीस महिने टायफॉइड झालेली मुलगी जंगलात काम करायला कोण घेणार? आणि खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र एकदा अर्जात घातलं की तेच पुढे व्हिसाच्या फायलीतही ठेवावं लागतं. तिथे मुलाखतीत 'कोणत्या दवाखान्यात होतात' एवढं विचारलं तरी पंचाईत.

तिसरी सूचना तहसीलच्या आवारातून आली. नोटरीकडून गॅप सर्टिफिकेट करून घ्या. आपल्याकडे प्रवेशाला तेच चालतं. स्टॅम्पपेपरवर आपण शपथेवर सांगायचं की सदर कालावधीत मी कोणत्याही शाळा-महाविद्यालयात शिकत नव्हते, नोकरी करत नव्हते आणि कोणत्याही गुन्ह्यात सामील नव्हते. आपल्या इथल्या कॉलेजला ते पुरतं, कारण त्याला एवढीच खात्री हवी असते की पोरगी दोन ठिकाणी एकदम शिकत नाही. पण या कागदात माणसाने काय काय केलं नाही याचीच यादी असते. तिकडच्या निवड समितीला 'केलं काय' ते हवं असतं. जर्मन पद्धतीचा बायोडेटा तक्त्यासारखा असतो, डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे उद्योग, आणि मधे रिकामी ओळ दिसली की वाचणाऱ्याची नजर तिथेच अडते. पत्र लिहायचं ते त्या एका ओळीसाठी.

मग मी तिलाच विचारलं, "बाई, घरी आल्यावर तू केलंस काय?"

"काही नाही मामा. आईचं ऑपरेशन झालं, ते केलं. मग ग्रामसभेचं तेंदूचं बघत होते."

हे 'काही नाही' म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आपल्या जिल्ह्यात पेसा कायद्याखाली बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. एटापल्लीच्या रस्त्यावरच्या अशाच एका ग्रामसभेचा हिशेब ही पोरगी ठेवत होती. लोकांना वाटतं तेंदू म्हणजे मे महिन्यातले दहा-पंधरा दिवस. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटावी लागतात, तेव्हा कुठे कोवळं, बिडीला चालणारं पान फुटतं. त्याआधी ठेकेदाराशी दर ठरवायचा, करार करायचा. मे महिन्यात फळीवर बसायचं. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं. संध्याकाळी बाया पुडे मांडतात तेव्हा मधूनच एखादा उचलून मोजायचा, फाटकं पान बाजूला काढायचं, आणि हे करताना कोणाचा अपमान होऊ द्यायचा नाही. मग पावसाळाभर कोणाच्या खात्यात पैसे पडले, कोणाचे नाही, रॉयल्टीचं काय, याची भांडणं मिटवायची. तीही माडियात. आणि हे सगळं 'काही नाही'!

तिने डाड या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्तीचीही माहिती काढली होती. विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी जी शिष्यवृत्ती आहे, तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे आम्ही ज्या खंडाची क्षमा मागायला निघालो होतो, तोच त्यांनी अट म्हणून घातलेला! भाऊजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग क्षमापितच्या जागी मंजूर करा."

खरी अडचण पुढेच होती. काम झालं होतं, पण कागद? बायोडेट्यात तिने काम जानेवारी २०२१ पासून दाखवलं होतं, कारण त्या महिन्यात ती पहिल्यांदा बैठकीला गेली होती. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी प्रेमाने दिलेल्या अनुभवपत्रात मार्च होता, छाटणी तेव्हा सुरू झाली म्हणून. आणि बँकेच्या पासबुकात मानधनाची पहिली नोंद जूनची, कारण आधीचं हातात मिळालं होतं. तीन कागद, तीन तारखा. एकही खोटी नाही.

"चार-पाच महिन्याने जर्मनीले काय फरक पडते?" भाऊजींचा सवाल.

फरक पडतो. तिकडे बसलेल्या माणसाला आलापल्ली ठाऊक नाही, आपली पोरगी ठाऊक नाही. त्याच्यापुढे नुसते कागद आहेत, आणि कागद शेजारी शेजारी ठेवून तारखा ताडून बघणं हेच त्याचं काम. जानेवारी आणि जून दिसले की त्याला मधला मार्चही खोटा वाटणार. आणि एकदा एक तारीख खोटी वाटली की खऱ्या गुणपत्रकाकडेही तो डोळे बारीक करून बघणार.

उत्तर सापडलं ग्रामसभेच्या इतिवृत्त वहीत. निळा पुठ्ठा, कोपऱ्याला वाळवी, आणि आत ओळीने सह्या-अंगठे. त्यात एप्रिल २०२१ चा ठराव होता : हिशेबाचं काम अमुक मुलीकडे द्यावे, मानधन अमुक. ही नेमणुकीची तारीख. तेव्हा बायोडेट्यात एप्रिल, पत्रात एप्रिल, आणि अध्यक्षांकडून अनुभवपत्र नव्याने घेतलं त्यातही एप्रिल. त्यात आठवड्याला किती तास काम, काय काम, कोणाच्या देखरेखीखाली, तारीख, सही, शिक्का हे सगळं आलं. पासबुक जूनपासून का, हे पत्रात एका वाक्यात सांगितलं : पहिल्या हंगामाचं मानधन रोख मिळालं. जानेवारीची बैठक आम्ही सोडून दिली. ती सोडताना पोरीचा चेहरा उतरला, पण बैठकीला चहा प्यायला गेलेली माणसंही हजर म्हणून लिहिली जातात. ठरावाची प्रत मराठीत, सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर.

आईच्या आजारपणावर तिने दीड पान लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं. वाचून माझी बहीणच रडली. मी ते सगळं काढलं. नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१, आईची शस्त्रक्रिया व नंतरची काळजी, नागपूरच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड सोबत जोडलं आहे, बस. पाच महिन्यांना एक वाक्य आणि एक कागद. कोणता अवयव, किती टाके, हे निवड समितीला कशाला? शिवाय आई आता बरी आहे हे लिहायला ती विसरली होती. ते मात्र लिहावं लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की पोरगी पहिल्या सेमिस्टरला परत जाईल.

'लहानपणापासून मला झाडांची आवड' हेही गेलं. ते हेतुपत्रात शोभलं तर शोभेल, खंडाच्या पत्रात नाही. भामरागडच्या रस्त्यावरच्या वनवैभवातली आभाळाला टेकलेली सागाची झाडं तिने फार सुरेख रंगवली होती. ती मी पेन्सिलीने तिकडे सरकवली. मंदिराचं सागवान मात्र दोन्हीकडून गेलं.

शेवटी पत्र झालं ते एका पानाचंही नाही. पदवी कधी संपली. पहिले पाच महिने कशात गेले. पुढचे अठ्ठावीस महिने कुठे, कोणतं काम, कोणत्या मोबदल्यावर. या काळात कोणत्याही दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला नाही, हे नोटरीवाल्यांचं वाक्य तेवढं ठेवलं, कारण ते कामाचं आहे. मग एक परिच्छेद असा की छाटणी उशिरा झाली की पान किती आणि कसं येतं याच्या नोंदी तिने हंगामागून हंगाम ठेवल्या, आणि त्या नोंदींचं पुढे काय करायचं हे कळत नाही म्हणून तिला शिकायचं आहे. खाली सोबतच्या कागदांची क्रमवार यादी, आणि प्रत्येक विधानापुढे त्यातला क्रमांक. ज्याला क्रमांक मिळाला नाही ते विधान काढलं. दिल्लीला एपीएसकडे पदवीची पडताळणी आधीच झाली होती. भारतीय विद्यार्थ्यांना ती आता व्हिसासाठी लागतेच.

फायली चढवायला रात्री बसलो, कारण दिवसा रेंज नसते. पाऊस होता. इतिवृत्त वहीचं पान चढेना, मग वीज गेली, मग आली, मग चढलं. भाऊजी शेजारी बसून सगळं पाहत होते. पोरगी आत गेल्यावर खुर्ची माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "मास्तर, दहावीत नापास झाल्यावर माझाही खंड पडला होता बरं का. दोन वर्षं. रिटायर झालो तरी सासुरवाडीत विचारतेत. असंच एक पत्र माझंही करून द्या ना जी."

"करू की. पण पुरावे लागतील. त्या काळात केलं काय?"

भाऊजींनी बराच वेळ विचार केला.

"गणपती मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं आहेत," ते म्हणाले. "पण हिशेब जुळत नाही."