‘फार चालायचं नाही’: ज्येष्ठांच्या अष्टविनायक सहलीपूर्वी करावयाच्या निवेदनाची पद्धत

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये लालचक्की किंवा मराठा सेक्शनच्या बाजूने ज्येष्ठांची अष्टविनायक सहल काढायची असेल, तर संयोजकाने प्रथम एक सभा बोलवावी. सभेत चहा असावा. चहानंतर संयोजकाने उभे राहून तीन वाक्ये म्हणावीत: ‘फार चालायचं नाही’, ‘दहा मिनिटांचाच थांबा आहे’ आणि ‘सगळ्यांना चांगली सीट मिळेल’. तिन्ही वाक्ये सत्याच्या जवळून जातात, पण सत्याला शिवत नाहीत. आगाऊ रक्कम जमा करण्यासाठी तेवढे पुरते.

ज्या संयोजकाला सहलीहून परतल्यावरही त्याच गल्लीत राहायचे आहे, त्याने मात्र वाक्यांऐवजी आकडे सांगावेत.

पहिला आकडा स्वच्छतागृहाचा. बसमध्ये चाळीस ज्येष्ठ आहेत आणि खोपोलीच्या आसपासच्या हॉटेलात बायकांसाठी एक, पुरुषांसाठी एक असे स्वच्छतागृह आहे, असे धरू. गुडघे धरून बसमधून उतरणे, काठी सांभाळणे, साडी सावरणे हे सारे हिशेबात घेतले, तर माणशी तीन मिनिटे म्हणजे काटकसरच. प्रत्येक रांगेत वीस जण, म्हणजे एक तास. चहा त्यात आलेला नाही. दहा मिनिटांच्या थांब्याचा एक तास होतो तो कोणाच्या आळसामुळे नव्हे, गुणाकारामुळे. तरीही ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या आजींना आपण साऱ्या सहलीचा खोळंबा केल्यासारखे वाटते. पुढच्या थांब्यावर त्या उतरतच नाहीत, आणि उतरावे लागू नये म्हणून पाणी पिणेही सोडतात. दुपारी देवळाच्या रांगेत त्यांना चक्कर येते तेव्हा सगळे उन्हाला दोष देतात.

म्हणून सभेत सांगायची गोष्ट अशी: दर दोन तासांनी थांबू, थांबा किमान एक तासाचा असेल आणि त्यामुळे एका दिवसात चारच गणपती होतील. पाचवा गणपती वेळापत्रकात घुसवणारा उत्साही सभासद प्रत्येक मंडळात असतो. त्याच्याकडे प्रसादाचे वाटप सोपवावे.

दुसरा विषय औषधांचा, आणि इथे सहलीची तारीख फार महत्त्वाची ठरते. पुण्य जास्त म्हणून संयोजक आवर्जून संकष्टी निवडतात. त्या दिवशी देवळांत मोठी गर्दी असते, आणि बसमधल्या निम्म्या मंडळींचा चंद्रोदयापर्यंत उपास असतो. त्यांतल्या मधुमेह्यांनी सकाळची गोळी मात्र नेमाने घेतलेली असते. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, पोटात अन्न नसले तरी आपले काम चोख करतात. इन्शुलिनचेही तसेच. मग आजोबांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शेजारी म्हणतात, ‘भक्तीनं अंग शहारलं’. खरे तर साखर घसरलेली असते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काही खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे संकष्टी टाळणे, किंवा उपास करायचा असल्यास गोळीचे काय करायचे हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारणे.

लघवीची गोळी घेणाऱ्यांचा प्रश्न बसमध्ये सर्वांना कळतो, पण सभेत कोणी काढत नाही. सकाळी सहाला गोळी आणि साडेसहाला बस, हा योग बदलापूर ओलांडायच्या आतच फळाला येतो. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वेळ पुढेमागे करता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

औषधे ठेवायची कुठे? परंपरेप्रमाणे मोठ्या बॅगेत, बॅग बसच्या डिकीत आणि डिकीची किल्ली जेवायला गेलेल्या क्लिनरच्या खिशात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी अशा तिहेरी बंदोबस्तात असेल, तर ती कॅम्प ४ मध्ये घरी ठेवलेली बरी. अशी गोळी सदऱ्याच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत हवी. इन्शुलिनचे वापरातले पेन हातातल्या पिशवीत ठेवावे. ते उन्हात तापलेल्या डिकीत खराब होते आणि थेट बर्फाला लागून गोठले तरीही वाया जाते. गोळ्यांची पट्टी जागा वाचवण्यासाठी कापू नये. कापलेल्या तुकड्यावर नाव नसले, की ‘बीपीची ती पांढरी’ एवढीच ओळख उरते, आणि बसमध्ये पांढऱ्या गोळ्या किमान शंभर असतात.

आता सीट. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरण्यात आयुष्य गेलेली ही पिढी आहे. बस लागण्याआधीच पहिल्या चार रांगा मनोमन वाटल्या गेलेल्या असतात. ‘ज्येष्ठांना पुढची सीट’ हा नियम इथे चालत नाही, कारण सगळेच ज्येष्ठ. वयाचे दाखले काढावेत तर बहात्तर आणि त्र्याहत्तर यांच्यात कायमचे वैर.

म्हणून सीट वयाने नव्हे, तक्रारीने द्यावी. मळमळणाऱ्यांना पुढची ते मधली. मागच्या चाकापलीकडच्या सीटवर प्रत्येक खड्डा वाढवून मिळतो, तिथे त्यांना बसवू नये. गुडघेदुखीवाल्यांना चाकावरची सीट देऊ नये, कारण तिथे खालची जागा उंच असते आणि गुडघे दुमडून बसावे लागते. लघवीची गोळी घेणाऱ्यांना दाराजवळची, आतल्या बाजूची सीट. उरलेल्यांची जागा दुसऱ्या दिवशी बदलावी आणि ही यादी सभेतच वाचून दाखवावी, म्हणजे भांडण चहाबरोबर उरकते. खिडकी सर्वांना मिळणार नाही, हेही तेव्हाच सांगावे. बस लागण्याची मळमळ थांबवणारी गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नये. तिने झोप येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. ओझरहून परतताना बस माळशेज घाटातून मुरबाडमार्गे येणार असेल, तर वळणे दुसऱ्या दिवशी, थकल्यावर येतात हेही ध्यानात घ्यावे.

उरले चालणे. संयोजक अंतर मोजतो ते देवळाच्या कमानीपासून. ज्येष्ठांचे गुडघे मोजतात ते पार्किंगपासून, येऊन-जाऊन, अधिक रांगेत उभे राहण्याचा वेळ, अधिक अनवाणी तापलेली फरशी. सिद्धटेकला ‘प्रदक्षिणा घालू’ असे सहज म्हणू नये. तिथे प्रदक्षिणा पूर्ण घालायची तर अख्खी टेकडी फिरावी लागते, आणि ते अंतर कित्येक किलोमीटरचे आहे. लेण्याद्रीचा गणपती तर बौद्ध लेण्यांच्या समूहात, डोंगराच्या कड्यात बसला आहे आणि पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. चढताना धाप लागते, पण गुडघे रडतात ते उतरताना. हा आकडा बसमध्ये, पायथ्याशी पोचल्यावर सांगायची प्रथा आहे. तोवर ‘वर गेलंच पाहिजे’ अशी ईर्षा पेटलेली असते आणि सकाळची वेळही टळलेली असते.

मुक्काम ओझरला ठेवला, तर लेण्याद्री जवळच आहे आणि सकाळच्या गारव्यात चढता येते. डोली मिळते, दर बसण्यापूर्वी ठरवावा. जे वर जाणार नाहीत त्यांच्यासाठी पायथ्याशी सावली, चहा आणि सोबतीला एक धडधाकट माणूस ठेवावा. माकडे असल्याने औषधांची पिशवी हातात उघडी धरू नये.

सहलीला नाव देणाऱ्यांनी आगाऊ रक्कम हातात ठेवण्यापूर्वी संयोजकाला एवढेच विचारावे: पायऱ्या किती, पार्किंगपासून देऊळ किती आणि माझी सीट चाकावर आहे का. उत्तर ‘अहो, फार नाही’ असे आले, तर पैसे परत खिशात ठेवावेत.