चांगल्या प्रतीचा पंप

दरपत्रके मागवणे म्हणजे चार-पाच पुरवठादारांना एकच पत्र पाठवून एकाच वस्तूचा दर विचारणे. गृहनिर्माण संस्थांमध्ये यातले ‘एकच पत्र’ तेवढे पाळले जाते. ‘सोसायटीस चांगल्या प्रतीचा पाण्याचा पंप हवा आहे, तरी योग्य दर कळवावा.’ खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का. शिक्का सुस्पष्ट असतो.

वाईट प्रतीचा पंप आजवर कोणत्याही सोसायटीने मागवलेला नाही. त्यामुळे ‘चांगल्या प्रतीचा’ हे शब्द खोडले तरी पत्रातले काहीच कमी होत नाही. ते वाचून एक पुरवठादार दीड अश्वशक्तीचा पंप धरतो, दुसरा तीनचा, तिसरा पाचचा. चौथा फोन करून विचारतो, ‘इमारत किती मजली?’ त्याला ‘तुम्ही आधी दर तर पाठवा’ असे सुनावले जाते. मग तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी आकड्याखाली लाल रेघ येते, दीड अश्वशक्तीचा पंप बसतो आणि रात्रभर घरघरूनही गच्चीवरची टाकी अर्धीच भरते. पंप चांगल्या प्रतीचाच असतो.

वास्तविक पत्रात दोनच आकडे लागतात. सात मजली इमारतीत खालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उभे अंतर 27 मीटर भरले, तर पाइपातले घर्षण धरून ‘हेड’ 30 मीटर घ्यावे. टाकी 20 हजार लिटरची आणि दोन तासांत भरायची, म्हणजे तासाला 10 हजार लिटर. ‘30 मीटर हेडला तासाला 10 हजार लिटर, थ्री फेज, नग दोन, त्यातला एक राखीव’ एवढे लिहिले की अश्वशक्ती पुरवठादारच काढतो. ती सर्वांची तीनच्या आसपास येते आणि दर खरोखरच एकमेकांशेजारी मांडता येतात. त्यासाठी लागते एक टेप आणि रविवारची सकाळ. पण गणपतीच्या मांडवाला झालर पिवळी की केशरी यावर तीन तास भांडणाऱ्या, एकमेकांची पार्किंगची जागा इंच-इंच मोजून ठेवणाऱ्या या सुशिक्षित मंडळींना स्वतःच्या इमारतीची उंची मोजायला मात्र वेळ नसतो, आणि पाणी आले नाही की शिव्या वॉचमनला!

पोहोच आणि जोडणीच्या अटीही पत्रातच हव्यात. दर जीएसटी धरून की वेगळा, माल जागेवर पोहोच की दुकानातून उचलायचा, जोडणी आणि जुना पंप काढणे कोणाकडे, आदेशानंतर किती दिवसांत. हे न लिहिल्यास सर्वांत स्वस्त पंप टेम्पोभाडे, हमाली आणि फिटरसह सर्वांत महाग ठरतो.

शेवटी मुदत. ‘लवकरात लवकर’ ही मुदत नव्हे. तारीख, वेळ आणि दर किती दिवस कायम राहील ते लिहावे, आणि लिफाफे मुदतीनंतर समितीसमोर एकत्र उघडावेत. आला तसा उघडलेल्या लिफाफ्यातला दर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानात पोहोचतो; त्याला टेम्पो लागत नाही. मुदतीनंतरचा लिफाफा न उघडता परत करावा. सचिवांच्या मेहुण्यालाही तो परत घेता येतो.