पिवळा जरा कमी पिवळा करा

वसमतच्या एका व्यापाऱ्याच्या हळद पाकिटाचं डिझाइन मी 20,000 रुपयांत ठरवलं, तेही चहावर आणि तोंडी. पहिला नमुना त्यांना आवडला. मग मेहुण्यांनी पिवळा कमी करायला सांगितलं, मुलानं वाढवायला, आणि अकराव्या फेरीत शेठजी म्हणाले, "पहिलंच बरं होतं." पैसे? "हंगाम होऊ द्या." कुठला हंगाम, ते गुलदस्त्यात. हेच शेठजी मोंढ्यात सौदा झाल्यावर हळदीचा रंग बदलून देतील का?

आता मी एकपानी करार करतो. 8,000 कामाआधी, 6,000 पहिला नमुना मंजूर झाल्यावर, उरलेले 6,000 छपाईची फाइल देण्याआधी. तोपर्यंत नमुना पुसट, वर माझं नाव आडवं छापलेलं. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून प्रत्येकी 500. दुरुस्ती सांगणारा माणूस एकच, त्याचं नाव करारात. मेहुण्यांची नोंद नाही. पाकिटाचं वजन किंवा मजकूरच बदलला तर ती दुरुस्ती नव्हे, नवं काम.

उद्यम नोंदणीही करून ठेवलीय. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं लेखी करारातही 45 दिवसांपलीकडे उधारी चालत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण 6,000 साठी सुविधा परिषदेत तक्रार करत कोण बसणार? म्हणून भिस्त कायद्यावर कमी, अडवून ठेवलेल्या फाइलवर जास्त.

परवा शेठजींनी करार वाचला. म्हणाले, "छान आहे. फक्त यात दोन-चार दुरुस्त्या करा."