दोन माणसं आणि चौदा पानांचं यंत्र

डिशवॉशरसोबत जे पुस्तक येतं, त्यात पहिली सूचना ओल्या हाताने प्लग लावू नये, अशी असते. आमच्या मार्गदर्शिकेतली पहिली सूचना अशी, की दारावर लिहिलेला 14 हा आकडा वाचून दडपून जाऊ नये. 14 म्हणजे चौदा माणसांची पंगत, तीही युरोपातली. तिकडच्या हिशेबात एका माणसाला सूपची बशी, गोडाची बशी, कपबशी, काटा, सुरी असा लवाजमा लागतो. आपल्या वरणाच्या कुकरला आणि पिठल्याच्या कढईला त्या हिशेबात मानाचं पान नाही.

ही मार्गदर्शिका दारव्हा रोडवरच्या आमच्या घरात तयार झाली. घरात माणसं दोन. मुलगी पुण्यात. टाळेबंदीत कामाच्या बाई येईनाशा झाल्या, तेव्हा तिने परस्पर यंत्र मागवून पाठवलं. मी निवृत्त असल्याने पुस्तक वाचण्याचं काम माझ्याकडे आणि यंत्राला नावं ठेवण्याचं हिच्याकडे, अशी विभागणी आपोआप झाली.

पायरी पहिली, अपराधी वाटून घेणे. रात्री यंत्र उघडावं, आत चार ताटं, आठ वाट्या आणि बराचसा अंधार दिसावा, आणि आपण बटन दाबायला जावं तोच मागून आवाज यावा, "अहो, अर्ध्या भांड्यांसाठी चालवता? 2018 विसरले का?" यवतमाळात 2018 म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता, नळ आठवडे आठवडे आले नव्हते आणि टँकर गल्लीत शिरला की माणसं जेवणावरून उठत होती. त्या उन्हाळ्यातून गेलेल्या माणसाला अर्धं रिकामं यंत्र चालवताना गुन्हा केल्यासारखं वाटणं साहजिक आहे. नवशिक्याने हा अपराध किती लिटरचा, ते मात्र मोजून घ्यावं.

पायरी दुसरी, मोजणे. यंत्राची पाणी बाहेर टाकणारी नळी सिंकमधून काढून बादलीत सोडावी. नळीचं तोंड खाली जमिनीला टेकवू नये, सिंकच्या उंचीवरच धरावं, नाहीतर यंत्र पाणी भरतानाच ते वाहून जातं. (हे मला कसं कळलं ते विचारू नये. लादी पुसून झाली आहे.) आमच्या यंत्राने इको प्रोग्रामवर भरल्या पोटी दहा लिटर पाणी टाकलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या भांड्यांवर तोच प्रोग्राम लावला, तर पुन्हा दहा लिटर. विजेच्या मीटरवरही दोन्ही वेळा 0.9 युनिटच्या आसपास.

असं का होतं, ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. यंत्राच्या तळाशी एक खळगा असतो. त्यात तीन-चार लिटर पाणी साचल्याशिवाय पंपाला नीट ओढता येत नाही, तो हवा ओढू लागतो. तेच पाणी फिरत्या फवाऱ्यांतून तासभर पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारलं जातं, मग टाकून दिलं जातं आणि विसळायला नवं घेतलं जातं. म्हणजे यंत्र पाणी घेतं ते खळगा भरण्यापुरतं. ताटं किती आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विजेचंही तसंच. वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. स्टीलला तापायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याची उष्णता लागते. तेव्हा चार ताटं कमी ठेवली म्हणून मीटर हलत नाही.

म्हणून प्रश्न 'यंत्र किती भरलं' असा विचारूच नये. प्रश्न एवढाच, की महिन्यात बटन किती वेळा दाबलं. एसटी अकोल्याला निघाली की डिझेल तेवढंच जाणार, मग आत चाळीस माणसं असोत की चार. फरक फेऱ्यांनी पडतो.

आता हाताशी तुलना. कामाच्या बाई आमच्या दोघांची दिवसभराची भांडी पंधरा लिटरच्या दोन बादल्यांत काढायच्या. म्हणजे तीस लिटर. हिने 2018 साली टबात राखेने घासून, एकाच पाण्यात दोनदा विसळून, ते बारावर आणलं होतं, आणि हा विक्रम ती अजून कुणाला विसरू देत नाही. जर्मनीत बॉन विद्यापीठाने युरोपातल्या माणसांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला लावली, तेव्हा सरासरी शंभराहून जास्त लिटर पाणी गेलं. तो आकडा यंत्र विकणारे फार आवडीने सांगतात. पण त्यातली बरीच माणसं नळ सोडून धूत होती. आपल्याकडे नळ सोडून ठेवायला आधी नळ यावे लागतात. तेव्हा आपला आकडा आपल्या बादलीने काढावा. आमच्या बादलीप्रमाणे अर्धं रिकामं यंत्रही दहा लिटरवर थांबतं. हिच्या विक्रमाच्या खाली. हे मी मोठ्याने म्हणालो नाही.

पायरी तिसरी, 'हाफ लोड' लिहिलेलं बटन. हे नाव वाचून नवशिका फसतो, पाणी अर्धं लागेल असं त्याला वाटतं. आमच्याकडे ते आठ लिटरवर आलं, वीज 0.75 युनिटवर. भांडी निम्मी आणि पाणी पाचव्या हिश्श्याने कमी. ताटामागे हिशेब केला तर महागच. शिवाय साबणाची गोळी अर्धी करता येत नाही, आणि गोळी विजेपेक्षा बहुतेकदा महाग पडते. हे बटन वापरायचंच असेल, तर गोळीऐवजी पावडर घ्यावी, म्हणजे चमच्याने मोजून कमी टाकता येते. भांडी एकाच जाळीत कोंबायची की दोन्हींत पसरायची, ते यंत्रागणिक बदलतं, तेवढं पुस्तकात पाहावं.

पायरी चौथी सगळ्यांत मोठी, कारण ती यंत्राची नाही, घरातल्या भांड्यांची आहे. आम्ही दोघं, तर ताटं, वाट्या, कप मिळून यंत्र दोन दिवसांत नीट भरतं. मग दिवसाआड का चालत नाही? आठवडाभर मी लिहून ठेवलं. दर वेळी यंत्र वेळेआधी चालवायला लावलं ते ताटांनी नाही. एकदा कुकरने लावलं, दोनदा कढईने, एकदा दुधाच्या गंजाने, कारण ते घरात एकेकच आहेत आणि सकाळी लागतातच. एक कुकर आत अडकला की त्याच्यामागे दहा लिटर जातात.

म्हणून आमची व्यवस्था अशी ठरली. यंत्र दिवसाआड, रात्री. मधल्या दिवशी कुकर, कढई आणि गंज हाताने, तीन लिटरांत. यंत्राच्या दिवशी तेही आत. खालच्या जाळीतले दाते अर्ध्या बाजूला आडवे पाडले की कुकर आणि कढई पालथी बसतात, उरलेल्या बाजूला आठ ताटं उभी. वाट्या वरच्या जाळीत, तोंड खाली आणि थोड्या तिरप्या, नाहीतर बुडाच्या खोबणीत पाणी साचून राहतं. रोज यंत्र लावलं असतं तर महिन्याला तीनशे लिटर आणि 27 युनिट. हाफ लोड रोज दाबलं असतं तर 240 लिटर. दिवसाआड पंधरा फेऱ्यांचे दीडशे, हाताचे पंचेचाळीस, मिळून 195 लिटर. वीज साडेतेरा युनिट, गोळ्या निम्म्या. लोखंडी तवा, पितळी डबे, पोळपाट-लाटणं यांचा हिशेब यात नाही, कारण ते यंत्रात घालायचेच नसतात. ॲल्युमिनियमचा कुकरही नाही, तो काळा पडतो. आमचा स्टीलचा आहे.

या व्यवस्थेचा शत्रू मे महिना. थंडीत उष्टी भांडी दोन दिवस मुकाट राहतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला, की ताटाला लागलेलं पिठलं सिमेंट होतं आणि दुसऱ्या सकाळी दार उघडलं की वास आधी बाहेर येतो. यावर नवशिका एक चूक हमखास करतो. भांडी आत ठेवण्याआधी नळाखाली धरतो. नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल, तर दोन मिनिटांत बारा लिटर गेले, म्हणजे यंत्राच्या अख्ख्या फेरीपेक्षा जास्त. मी पाण्याची खरी नासाडी म्हणेन ती हीच. उष्टं चमच्याने खरवडून टाकावं, बस. फारच वास आला तर यंत्रात नुसतं विसळण्याचा थंड प्रोग्राम असतो, पंधरा मिनिटं, तीन-चार लिटर, साबण नाही. उन्हाळाभर मधल्या दिवशी तो लावला, तरी महिन्याला पंचेचाळीस ते साठ लिटर वाढतात. तेव्हा मात्र वीज आणि गोळ्याच वाचतात, पाणी हाफ लोडएवढं किंवा थोडं जास्तच जातं. हे कबूल करावं लागलं.

पायरी पाचवी, नळांचा दिवस पाहणे. वरची टाकी तळाला गेली असताना यंत्र लावू नये. मधेच पाणी संपलं की ते नळाचं चिन्ह दाखवून थांबतं आणि साबण लागलेली भांडी तशीच सुकतात. बोअरचं पाणी भरलं असेल तर यंत्रात मीठ आहे का पाहावं. स्टीलच्या पेल्यांवर पांढरी झाक आली, ती व्हिनेगरच्या बोळ्याने निघाली, तर समजावं की मीठ संपलंय.

आता शेवटची अडचण. दिवसाआड चालवायचं तर दोन दिवस पुरतील एवढ्या वाट्या हव्यात. आमच्याकडे वापरात आठ होत्या, लागत होत्या सोळा. मी दत्त चौकात जाऊन वजनावर घेऊन येतो म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं, स्टूल ओढलं आणि माळ्यावरचं पोतं खाली घ्यायला लावलं. आत आमच्या लग्नापासूनच्या वाट्या होत्या, प्रत्येकीवर कुणा ना कुणाचं नाव कोरलेलं. बारा निघाल्या. त्या रात्री नव्या व्यवस्थेत यंत्र पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

सकाळी ती एकेक वाटी बाहेर काढून उजेडाकडे धरून नावं वाचत होती. "हे पाहा, तुमच्या मामेबहिणीच्या सासरच्यांची. यांनी एकच वाटी दिली होती."

"मग जाळीत हिचीच जागा थोडी मोकळी ठेवली आपण," मी म्हणालो.

"उद्या हिलाच कढईखाली ठेवा," ती म्हणाली.