दारावरचे तारे, आतले तारे

फ्रीज घ्यायला गेलेला गिऱ्हाईक दारावरचे तारे मोजतो. "पाच स्टार आहे ना?" एवढं विचारलं की त्याची तांत्रिक चौकशी संपते. पण ते तारे विजेच्या बिलाचे. आतली सुरमई किती दिवस टिकेल याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. ते सांगणारे तारे बहुधा फ्रीझरच्या झाकणावर बारीक छापलेले असतात, आणि दुकानात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

एक तारा म्हणजे उणे ६ अंश: आधीच गोठवलेला माल आठवडाभर. दोन तारे म्हणजे उणे १२ आणि साधारण महिना. तीन तारे म्हणजे उणे १८ आणि तीन महिने, नाहीतर पाकिटावरच्या तारखेपर्यंत. ताराच नसेल तर तो बर्फाचा कप्पा. त्यात बर्फच करावा.

आता आमच्या कोकणपट्टीचा हिशेब बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणून मे संपता संपता घरोघरी सुरमईच्या तुकड्या डब्यांत भरल्या जातात. फ्रीझर दोन ताऱ्यांचा असेल तर जून सरता सरता मुदत सरली. तरी जुलैत तो डबा निघतो, आणि चव उतरली की दोष कोळिणीच्या माथी! बांगड्याचं तर आणखी अवघड. तेल जास्त, त्यामुळे तो गोठलेला असतानाही खवट होत जातो. त्याला तीन ताऱ्यांचा महिमाही पुरा पडत नाही.

त्यातही खोच आहे. तीन तारे फक्त गोठलेला माल सांभाळायची हमी देतात. बाजारातून आणलेली ताजी मासळी घरी गोठवायची तर चौथा तारा लागतो. तो इतर तिघांहून मोठा किंवा वेगळा काढलेला असतो. ही ताकद नसलेल्या फ्रीझरमध्ये चार किलो मासळी एकदम कोंबली की ती रेंगाळत गोठते. बर्फाचे मोठे स्फटिक होऊन मांस आतून फाटतं. मग डबा बाहेर काढला की ताटलीत पाण्याचं तळं, आणि तव्यावर तुकडीचा भुगा.

शिवाय हे तारे मिळतात प्रयोगशाळेत. तिथे भारनियमन नसतं, की दर पाच मिनिटांनी दार उघडून "खायला काय आहे?" म्हणणारे चिरंजीव नसतात. आपल्या घरचा खरा निकाल हवा असेल तर वीज जाऊन आल्यावर फ्रोझन मटारचं पाकीट हलवून बघा. दाणे खुळखुळले तर ठीक. वीट झाली असेल तर मटार एकदा वितळून पुन्हा गोठलेत, आणि शेजारच्या डब्यातल्या सुरमईचंही तेच झालंय.