पाच मिलिमीटरचा हट्ट

पुस्तकांचं कपाट किती खोल हवं असं विचारलं, तर घरातली माणसं हाताने माप दाखवतात आणि मिस्त्री वर न बघता ‘एक फूट’ म्हणतो. माझ्या मते हा प्रश्न प्लायच्या शीटला विचारावा. शीट आठ बाय चार, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. चार फुटांतून एकेक फुटाच्या चार पट्ट्या निघतात, हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं. करवतीला मात्र येत नाही. तिचं पातं प्रत्येक कापाला साधारण 4 मिलिमीटर प्लाय खाऊन त्याचा भुसा करतं. 305च्या चार पट्ट्या आणि मधले तीन काप धरले तर बेरीज 1232 होते, म्हणजे चौथी पट्टी बारा मिलिमीटरने गेली. खोली 300 ठेवली तर 1212 लागतात आणि उरलेले 8 शीटची ठेचलेली कड काढायला होतात.

आता 1800 उंच आणि 800 रुंद असं कपाट घेऊ. प्लाय 18ची, म्हणून दोन बाजूंच्या मध्ये बसणारी फळी 764ची. दोन पट्ट्यांतून एकेक बाजू निघते, उरलेल्या दोन पट्ट्यांतून तीन-तीन फळ्या. तळ, माथा आणि मधले चार कप्पे एकाच शीटमध्ये! (पाठीला 6ची पातळ प्लाय वेगळी आणावी लागते.) फुटाचा हट्ट धरणाऱ्याला चौथ्या पट्टीसाठी दुसरी शीट आणावी लागेल. पाच मिलिमीटरला एवढा भाव दागिन्यांतसुद्धा नसावा. पुस्तकं बाहेर डोकावतील म्हणाल, तर ए-फोर आकाराचं पुस्तक उभं ठेवलं की 210च खोली मागतं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: 18ची म्हणून विकलेली प्लाय पुष्कळदा 18ची नसते. ती 17.2 निघाली तर कपाट 798.4 रुंद होतं आणि 800ची कापलेली पाठ कडेने डोकावते. म्हणून आधी कॅलिपर, मग यादी. जोडालाही हाच नियम. फळीच्या टोकातली भोकं जाडीच्या बरोबर मध्यावर हवीत, आणि तो मध्य 9वर नसून 8.6वर असतो. डॉवेल फळीला जागेवर धरून वजन पेलतो, कॅम नुसता ओढून घट्ट करतो; त्यामुळे कॅम आहे म्हणून डॉवेल गाळणं ही काटकसर नव्हे. तीस मिलिमीटरचा डॉवेल मात्र बाजूत दहा-बाराच घालावा, बाकी फळीत. अधिक खोल गेलात तर ड्रिल बाहेरच्या बाजूने दर्शन देईल. बोल्टचं माप 34 असेल, तर कॅमचा मध्यही फळीच्या टोकापासून 34वरच हवा. स्क्रूड्रायव्हरने कॅम गरागरा फिरतोय आणि कुठेच अडत नाही, तर बोल्टचं डोकं त्याच्या तावडीत आलेलंच नाही असं समजावं. हे कळायला चांगली फळी बिघडवायची गरज नाही. बाजूंच्या पट्ट्यांतून 636चे दोन तुकडे उरलेले असतातच. पहिली भोकं त्यांना पाडावीत.